हिरवी टपालपेटी: आयर्लंड की हाँगकाँग?

प्रश्न: रस्त्याच्या फोटोत ओळखीचे दुसरे काहीच नसेल, तर कडेच्या टपालपेटीचा रंग, आकार आणि फटीवरच्या खुणा पाहून देश सांगता येतो का?

बहुतेक वेळा सांगता येतो, पण नुसत्या रंगावर विसंबल्यास फसगत होते. लाल पेटी भारतात आहे, ब्रिटनमध्ये आहे, जपानमध्ये आणि पोलंडमध्येही आहे. पिवळी जर्मनी, फ्रान्स आणि स्पेन या तिन्ही देशांत आहे. त्या मानाने हिरव्या पेट्यांचे देश थोडे, म्हणून तेवढ्यांविषयीच सविस्तर लिहितो. शिवाय मी स्वतः फसलो तोही हिरव्या पेटीवरच.

मी नाशिकरोडचा. आमच्याकडच्या छापखान्यात टपाल तिकिटे छापली जातात, त्यामुळे तिकिटे जमवण्याचा नाद लहानपणीच लागला आणि त्यातून पुढे पेट्यांकडे लक्ष गेले. मागच्या दिवाळीत भाचा मोबाइलवर जगातल्या कुठल्याही रस्त्याचे छायाचित्र पाहून देश ओळखण्याचा खेळ खेळत होता. एका चित्रात गाड्या डाव्या बाजूने चालल्या होत्या आणि पदपथावर गोल खांबासारखी, बिडाची, हिरवी पेटी उभी होती. तिच्या दारावर मुकुट आणि त्याखाली ई व आर ही रोमन अक्षरे उठावात होती. मी छातीठोकपणे म्हणालो, "आयर्लंड." उत्तर निघाले हाँगकाँग.

चूक का झाली, हे समजण्यासाठी या पेट्यांचा वंश पाहावा लागतो. दोन्ही ठिकाणी ब्रिटिशांचे राज्य होते, म्हणून पेट्याही ब्रिटिश ओतकामाच्या आणि मूळच्या लाल. त्या काळी पेटी बसवताना जो राजा किंवा राणी गादीवर असे, त्याची आद्याक्षरे दारावर ओतलेली असत. आयर्लंडने 1922 मध्ये स्वतंत्र राज्य झाल्यावर पेट्या उखडल्या नाहीत, त्यांच्यावर हिरवा रंग चढवला. हाँगकाँगमध्ये हेच 1997 मध्ये, चीनकडे सत्ता गेल्यानंतर घडले. गाड्याही दोन्हीकडे डाव्याच बाजूने चालतात, त्यामुळे त्या खुणेचा इथे उपयोग होत नाही.

खरा निकाल आद्याक्षरे देतात. 1922 पर्यंत फक्त व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज होऊन गेले होते. त्यामुळे हिरव्या पेटीवर सहाव्या जॉर्जची किंवा दुसऱ्या एलिझाबेथची अक्षरे असतील, तर ती आयर्लंडमधली असू शकत नाही. माझा घोटाळा असा झाला की एडवर्ड आणि एलिझाबेथ या दोघांचीही अक्षरे ई आणि आर हीच आहेत. चित्र मोठे करून पाहिल्यावर फरक कळतो: एडवर्डची अक्षरे वेलबुट्टीसारखी एकमेकांत गुंतलेली असून त्यांत सातचा रोमन आकडा लहानसा दडवलेला असतो, तर एलिझाबेथची अक्षरे साधी आणि सुटी असून मध्ये दोनचा रोमन आकडा, म्हणजे दोन उभ्या रेघा, ठळक दिसतात. मी ई आणि आर पाहिले, मधल्या रेघा पाहिल्या नाहीत.

व्हिक्टोरिया किंवा पाचव्या जॉर्जची पेटी असेल, तर एवढ्यावरून निकाल लागत नाही. मग आजूबाजूच्या पेट्या शोधाव्यात. आयर्लंडच्या नंतरच्या पेट्यांवर पी आणि टी ही अक्षरे आयरिश वळणात असून त्यांच्यामध्ये चक्क 7 या आकड्यासारखी खूण असते. तो आकडा नसून आयरिश लिपीतला 'आणि' आहे. हाँगकाँगच्या नव्या पेट्या हिरव्या-जांभळ्या रंगसंगतीच्या असतात आणि त्यांवर चिनी अक्षरे असतात. एक सीमा मात्र लक्षात ठेवावी: उत्तर आयर्लंड ब्रिटनचाच भाग असल्याने तिथल्या पेट्या लालच आहेत.

गाड्या उजव्या बाजूने चालत असतील, तर हिरवी पेटी बहुधा चीन किंवा तैवानची असते, आणि इथे फटींचा उपयोग होतो. तैवानमध्ये हिरवी आणि लाल अशी जोडी शेजारी उभी दिसते. हिरवी साध्या टपालासाठी असून तिची एक फट त्याच शहराच्या पत्रांसाठी आणि दुसरी बाहेरगावच्या पत्रांसाठी असते. लाल पेटी तातडीच्या आणि परदेशी हवाई टपालासाठी असते. अशी जोडी दिसली की मी आता बेधडक तैवान म्हणतो. जोडी नसेल, तर 'टपाल' या अर्थाच्या चिनी अक्षराचा डावा भाग पाहावा: चीनमध्ये तो एका चौकटीतून वर निघालेल्या उभ्या रेघेइतका सोपा असतो, तैवानमध्ये तिथे आडव्या रेघांची दाटी असते. ही दाटी हाँगकाँगलाही असते, पण तिथे गाड्या डाव्या बाजूने चालतात.

भाच्याने त्या दिवशी माझे गुण कापले नाहीत. मामाला दिवाळीची सूट दिली, असे त्याचे म्हणणे.