नवीन गोष्ट 226व्या शब्दाला कशाला?

"मॅडम, मी एमएस्सी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा कॉन्फरन्स ॲबस्ट्रॅक्ट रिजेक्ट झाला, रिव्ह्यूअरने एवढंच लिहिलंय की यात नवीन काय ते कळत नाही. पण मी शेवटी लिहिलंय की! दुसऱ्या कॉन्फरन्सला पाठवायचाय, लिमिट 250 शब्दांचीच आहे. आमचे सर म्हणतात बॅकग्राउंड काढू नको, त्याशिवाय विषयाचं महत्त्व कळत नाही. मग कमी काय करू? ॲबस्ट्रॅक्ट आणि रिपोर्टमधला रिझल्टचा तक्ता सोबत जोडलाय."

तुझा ॲबस्ट्रॅक्ट मी दोनदा वाचला आणि मग पेन घेऊन चक्क शब्द मोजले. एकूण 248. त्यातले पहिले 150 जलप्रदूषण, रंगांचे दुष्परिणाम, सांडपाणी शुद्ध करायच्या प्रचलित पद्धती आणि टरफलांपासून बनवलेला कोळसा म्हणजेच बायोचार किती चांगला यावर गेलेत. मग 55 शब्द पद्धतीचे, मग पाण्यातून 94 टक्के मिथिलीन ब्लू हा रंग निघाला हे 20 शब्दांत, आणि अगदी शेवटी, 226व्या शब्दापासून, "तसेच असेही आढळून आले की वापरलेला बायोचार मिठाच्या द्रावणाने पुन्हा वापरण्याजोगा करता येतो". अगं, हेच तर तुझं काम आहे! आणि ते "तसेच असेही" म्हणून आलंय, म्हणजे जाता जाता सांगितल्यासारखं.

आता रिव्ह्यूअरच्या जागी बसून बघ. त्याच्यापुढे असे ॲबस्ट्रॅक्ट गठ्ठ्याने असतात, आणि बायोचारने मिथिलीन ब्लू काढला हे त्याने इतक्या वेळा वाचलेलं असतं की 94 टक्के दिसले की त्याचं मत तयार होतं, आणखी एक तसाच पेपर. मग शेवटच्या ओळीकडे तो नजर टाकतो, नीट वाचत नाही. म्हणजे त्याने अन्याय केला असं मला वाटत नाही, तू त्याला जुनं आधी दाखवलंस आणि नवीन मागे ठेवलंस.

सरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, बॅकग्राउंड लागतंच. पण बॅकग्राउंड दोन तऱ्हेचं असतं. एक, जे कुणाच्याही ॲबस्ट्रॅक्टला चालेल, आणि दुसरं, जे फक्त तुझ्या निष्कर्षासाठी जागा करून देतं. प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून विचार की हे वाक्य रंग काढण्यावरच्या दुसऱ्या एखाद्या पेपरमध्ये जसंच्या तसं बसेल का? बसत असेल तर काढ. "जलप्रदूषण ही गंभीर समस्या आहे" बसतं, गेलं. ओझोन, मेम्ब्रेन, कोॲग्युलेशनची यादी बसते, तीही गेली, कारण तू त्यांच्याशी तुलनाच केलेली नाहीस. 150 शब्दांतून शेवटी एकच गोष्ट उरते आणि ती तू लिहिलेलीच नाहीस, की वापरलेल्या बायोचारमधून रंग सोडवायला बरेचदा ॲसिड किंवा अल्कोहोल वापरतात आणि मग ते धुवण सांभाळणं हीच नवी डोकेदुखी होते. हे एक वाक्य तुझं बॅकग्राउंड. सरांना हे दाखव, म्हणजे काढलं असं न वाटता बदललं असं वाटेल.

पुढची गोष्ट मला तक्त्यात सापडली आणि वाचून खरंच हळहळ वाटली. तू तोच बायोचार, तोच डोस, तेच द्रावण घेऊन एक भाग मिठाने आणि एक भाग सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुतलास, पाच फेऱ्या केल्यास. पाचव्या फेरीत मिठाचा 88 टक्क्यांवर आणि ॲसिडचा 71 वर. ही तुलना ॲबस्ट्रॅक्टमध्ये कुठेच नाही! नुसतं "पुन्हा वापरता येतो" म्हटलं की वाचणारा विचारतो, कितीदा, आणि कशापेक्षा बरं. उत्तर तुझ्याकडे तयार होतं.

तर सुरुवात साधारण अशी कर, तुझ्या इंग्रजीत तू नीट बसवशीलच:

"टरफलांपासून बनवलेला बायोचार मिठाच्या पाण्याने धुतल्यास ॲसिडने धुतल्यापेक्षा जास्त काळ टिकतो, असे आम्ही दाखवतो. पाचव्या फेरीत मिठाने धुतलेल्या बायोचारने 88 टक्के मिथिलीन ब्लू काढला, ॲसिडने धुतलेल्याने 71 टक्के. पहिल्या फेरीत दोन्हींचे प्रमाण 94 टक्के होते. वापरलेल्या बायोचारमधून रंग सोडवण्यासाठी बरेचदा ॲसिड किंवा अल्कोहोल वापरले जाते, आणि त्या धुवणाची विल्हेवाट हा वेगळा प्रश्न उरतो."

चार वाक्यांत निष्कर्ष, आकडे आणि गरज येऊन गेली आणि 94 टक्के आता तुलनेची सुरुवात म्हणून आलेत, फुशारकी म्हणून नाही. यानंतर पद्धत तीन वाक्यांत. एसईएम, एफटीआयआर, लँगम्युअर ही नावं एका ओळीत पुरे, त्यांनी काही नवीन दाखवलं असेल तरच वेगळं वाक्य द्यायचं.

आता एक सावधगिरी, कारण पुढे आणलं की माणूस जरा जास्तच बोलतो. "पहिल्यांदाच" असा शब्द घालू नकोस. मिठाने आयन सोडवणं काही नवं नाही, पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातलं आयन एक्स्चेंज रेझिन मिठाच्या पाण्यानेच रिजनरेट करतात. तुझं नवीन आहे ते एकाच बायोचारवर मीठ आणि ॲसिडची पाच फेऱ्यांची समोरासमोर तुलना, तेवढंच म्हण आणि तेवढं पुरेसं आहे. कारण द्यायचं असेल तर मिथिलीन ब्लू पाण्यात धनभारित असतो आणि सोडियम त्याची जागा घेतो असं "शक्यता" म्हणून लिही, कारण तुझ्या तक्त्यात हे सिद्ध करणारी चाचणी मला दिसली नाही.

आणि एक प्रश्न येणारच, त्याची तयारी ठेव. डायिंग युनिटच्या सांडपाण्यात आधीच मीठ बरंच असतं. जे मीठ रंग सोडवतं तेच मीठ रंग शोषला जायला अडथळाही करणार ना? तू सगळं काम डिस्टिल्ड वॉटरमधल्या द्रावणावर केलंयस, हे शेवटच्या ओळीत सरळ लिही: "चाचण्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये झाल्या असून खारट सांडपाण्यातली कामगिरी तपासायची आहे." वाटतं की यामुळे काम कमी दिसेल, पण रिव्ह्यूअरने स्वतः शोधून काढल्यावर जास्त कमी दिसतं. आठवडाभर हातात असेल तर फ्लास्कमध्ये थोडं मीठ घालून एक शोषण-चाचणी करूनच टाक, मग ती ओळ अजून पक्की होईल.

काही कॉन्फरन्सच्या फॉर्ममध्ये बॅकग्राउंड, मेथड, रिझल्ट्स असे ठरलेले रकाने असतात, तिथे निष्कर्ष सगळ्यात वर आणता येत नाही. तेव्हा बॅकग्राउंडच्या रकान्यात ते ॲसिडवालं एकच वाक्य, उद्देशाच्या रकान्यात "मीठ विरुद्ध ॲसिड, पाच फेऱ्या", आणि रिझल्ट्सच्या पहिल्या वाक्यात 88 आणि 71.

शीर्षकही बदल हं. "टरफलांच्या बायोचारने रंगांचे शोषण" या शीर्षकामुळे पुन्हा तेच जुनं काम वाटतं. "मिठाच्या पाण्याने धुतलेल्या बायोचारचा पाच फेऱ्यांचा पुनर्वापर: ॲसिडशी तुलना" असं काहीतरी कर. मग केमिस्ट्री नसलेल्या मैत्रिणीला फक्त शीर्षक आणि पहिली दोन वाक्यं वाचून दाखव आणि विचार, मी काय केलं सांग. तिने मीठ, ॲसिड आणि पाच हे तीन शब्द काढले तर पाठव, नुसतं "पाणी स्वच्छ केलंस" म्हणाली तर मला परत लिही.