पीजीच्या काकूंना डब्यासाठी पत्र कसं लिहावं?

प्रश्न: मी 23 वर्षांची आहे, पुण्यात शनिवार पेठेत राहते. आई आणि मी घरून डबे करतो, सध्या रात्रीचे सहा डबे जातात. आमच्या गल्लीत मुलींचं पीजी आहे, साधारण वीस मुली, बहुतेक स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या. तिथे स्वयंपाकाची सोय नाही. मालकीण काकूंना पत्र लिहायचंय, पण "घरगुती, स्वच्छ, चविष्ट" याच्यापुढे काही सुचत नाहीये. काय लिहू?

उत्तर:

हे तीन शब्द पेठेतल्या प्रत्येक मेसच्या पाटीवर आहेत, त्यामुळे काकूंना त्यातून काहीच कळणार नाही. शिवाय डबा काकू खाणार नाहीत, मुली खाणार आहेत. काकू खोल्या चालवतात. त्यांच्या डोक्यात वेगळेच प्रश्न येतील: रात्री दारात कोण येणार? रिकामे डबे कुठे पडून राहणार, मुंग्या-झुरळं होणार का? पैशावरून मुलींशी वाद झाला तर तो माझ्याकडे येणार का? आणि एखाद्या मुलीचं पोट बिघडलं तर तिच्या घरच्यांचा फोन कुणाला येणार? तुझं पत्र म्हणजे या चार प्रश्नांची उत्तरं. चवीचं काम डबाच करेल.

लिहायला बसण्याआधी मात्र आपल्याला किती डबे झेपतात ते मोज. वीस मुली आहेत म्हणून वीस डब्यांचं पत्र लिहू नकोस. चार पोळ्यांचा डबा धरला तर सहा जुने आणि वीस नवे मिळून 104 पोळ्या होतात. एकजण लाटणारी, एकजण भाजणारी आणि एक तवा, असं असेल तर सवयीच्या हातांनाही तासाला पन्नास-साठ पोळ्या होतात. म्हणजे नुसत्या पोळ्यांनाच जवळजवळ दोन तास, आणि पहिली पोळी डब्यात जाईपर्यंत गार होऊन वातड. त्याऐवजी दहा नवे डबे घेतलेस तर एकूण 64 पोळ्या. एका पोळीला 25 ते 30 ग्रॅम पीठ धरलं तर पावणेदोन किलो कणीक, आणि सव्वा तासात काम उरकतं. म्हणून पत्रात स्पष्ट लिही की पहिल्या महिन्यात दहाच डबे घेऊ. काकूंना त्यात कमीपणा वाटणार नाही, उलट मुलगी हिशोबाने चालते हे दिसेल.

दुसरं, डब्याची वेळ. तुझ्याकडच्या मुली अभ्यासिकेत बसणाऱ्या आहेत. काही साडेआठला येऊन जेवतील, काही रात्री अकराला परततील. डबा एकच, पण खाण्याच्या वेळेत अडीच तासांचा फरक. आज संध्याकाळी घरीच करून बघ: साडेसातला नेहमीसारखा डबा भर, झाकण लाव आणि दहाला उघड. झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब लोंबत असतील, वरची पोळी चिकट झाली असेल, पालेभाजीला पाणी सुटून ते पोळ्यांच्या कडेला लागलं असेल. पोळ्या सुती फडक्यावर पसरून वाफ जाऊ दिली आणि मग स्वतंत्र कप्प्यात ठेवल्या की यातलं बरंचसं टळतं. वर्तमानपत्राचा कागद अन्नाला लावूच नकोस, शाई उतरते. भाताचं जास्त सांभाळायचं. शिजवलेला भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की त्यात जंतू वाढतात, आणि ते जे विष तयार करतात ते नंतर गरम करूनही जात नाही. म्हणून उशिरा जेवणाऱ्या मुलींसाठी वेगळा डबा ठेव: पाच पोळ्या आणि मटकी, भेंडी किंवा बटाट्यासारखी कोरडी भाजी. वरण-भात नको. हे पत्रात एका ओळीत लिहिलंस की काकूंना समजेल, या मुलीला आपल्या पोरींच्या वेळा माहीत आहेत.

दोन गोष्टी पत्राआधीच करून घे, कारण नंतर त्याच अडकवतात. एक, एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी. घरून डबे विकायलाही ती लागते. फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा, महाराष्ट्रात ते काम अन्न व औषध प्रशासनाकडे असतं. मिळालेला 14 आकडी नंबर पत्रात लिही आणि प्रमाणपत्राची झेरॉक्स जोड. दुसरी गोष्ट गॅसची. घरगुती 14.2 किलोचं सिलिंडर धंद्यासाठी वापरायला परवानगी नाही, त्यासाठी 19 किलोचं व्यावसायिक सिलिंडर घ्यावं लागतं. दर ठरवताना तोच गॅस धर, नाहीतर तीन महिन्यांनी दर वाढवायला काकूंच्या दारात जावं लागेल.

आता पत्र. मी असं लिहीन:

श्रीमती ……… काकूंना,
सा. न. वि. वि.

मी याच गल्लीत, ……… इथे राहते. आई आणि मी घरून डबे देतो, सध्या रोज रात्री सहा डबे जातात. तुमच्याकडे राहणाऱ्या मुलींपैकी ज्यांना हवा असेल त्यांना रात्रीचा डबा द्यावा अशी इच्छा आहे. त्यासाठी तुमची परवानगी मागायला हे पत्र लिहीत आहे.

डब्यात चार पोळ्या, एक भाजी, वरण किंवा आमटी आणि भात असेल. जेवण पूर्ण शाकाहारी. ज्या मुली रात्री नऊनंतर जेवतात त्यांना वरण-भाताऐवजी पाच पोळ्या आणि कोरडी भाजी देऊ, म्हणजे अन्न उतरणार नाही. उपवासाचा डबा आदल्या दिवशी सांगितल्यास मिळेल. रविवारी सुट्टी.

डबा रोज आठ ते सव्वाआठ या वेळेत आई किंवा मी स्वतः आणून देऊ, दुसऱ्या कुणाला पाठवणार नाही. आम्ही वर खोल्यांकडे जाणार नाही. तुम्ही खाली जी जागा सांगाल तिथे नावाच्या चिठ्ठ्या लावलेले डबे ठेवू आणि आदल्या रात्रीचे रिकामे डबे त्याच वेळी उचलू. मुलींनी डबे फक्त विसळून ठेवावेत.

पैसे मुलींकडून आम्ही परस्पर घेऊ, तुमच्यावर त्याची काही जबाबदारी नाही. एका डब्याचे 80 रुपये, महिन्याचे 26 डबे धरून 2,080 रुपये आगाऊ. त्या दिवशी दुपारी बारापर्यंत खाडा कळवला तर त्या डब्याचे पैसे पुढच्या महिन्यात वळते करू.

पहिला आठवडा रोजच्या रोज पैसे देऊन मुलींनी डबा खाऊन बघावा, पुढे लावण्याची सक्ती नाही. आमच्या हाताला झेपेल तेवढंच घ्यायचं म्हणून पहिल्या महिन्यात दहाच डबे घेऊ.

काही तक्रार असेल तर मुलींनी थेट मला फोन करावा. डबा बंद करायचा झाला तर तुम्ही आठ दिवस आधी सांगावं. आम्हाला बंद करावा लागला तर पंधरा दिवस आधी सांगू, म्हणजे मुलींना दुसरी सोय बघता येईल.

एफएसएसएआय नोंदणी क्रमांक ………, प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. तुम्ही सांगाल त्या वेळी येऊन भेटते.

आपली नम्र,
………
फोन ………

एवढंच. एका पानात बसतं आणि बसायलाच हवं. 80 रुपये हा आकडा नमुन्याचा आहे. तुझा दर किराणा, भाजी, गॅस आणि दोघींची मजुरी धरून काढ. आईच्या हाताची मजुरी बहुतेकजणी धरतच नाहीत, आणि मग दहाचे वीस डबे झाल्यावर मदतीला बाई ठेवायची वेळ आली की तिच्या पगाराला पैसेच नसतात.

खाड्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सगळे वाद तिथेच होतात. काही मेसमध्ये सलग तीन दिवस गैरहजर असेल तरच खाडा धरतात. वरकरणी तो नियम आपल्या फायद्याचा वाटतो. पण मुलगी दोन दिवसांसाठी गावी जाते, पैसे कापले जात नाहीत, ती काकूंकडे कुरकुर करते, आणि काकूंना वाटतं ही डबेवाली पैशाला चिकट आहे. त्यापेक्षा बाराची वेळ पक्की धर. बाराच्या आत कळवलं तर पूर्ण पैसे वळते, बारानंतर काहीच नाही, कारण दुपारीच भाजी आणून निवडायला घेतलेली असते. समजा एखादी मुलगी सहा दिवस घरी गेली आणि तिने वेळेत कळवलं, तर 480 रुपये वळते होतील आणि पुढच्या महिन्याचे 1,600 घ्यायचे. ही नोंद वहीत त्याच दिवशी कर आणि तिला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. महिनाअखेरीस आठवून केलेला हिशोब कुणालाच पटत नाही.

डब्यांचे दोन संच लागतील हे विसरू नकोस. दहा मुली म्हणजे वीस डबे, कारण आजचा भरलेला डबा देताना कालचा रिकामा हातात येतो. झाकणावर आणि बुडावर दोन्हीकडे ऑइलपेंटने नंबर घाल. झाकणं बदलली की रस्सा सांडतो, आणि तो सांडतो काकूंच्या जिन्यात.

पत्र द्यायला संध्याकाळी जा, सकाळी त्यांची पाण्याची आणि कामवाल्या बाईची गडबड असते. सोबत एक डबा ने, पण गॅसवरून उतरलेला नको. साडेसातला भरून ठेवलेला डबा नऊला त्यांच्या हातात दे आणि तसं सांग. मुलींना जो मिळणार आहे तोच त्यांनी चाखावा.

मे महिन्यात, दिवाळीत आणि मोठी परीक्षा संपली की पीजी अर्धं रिकामं होतं. तेव्हा डबे दहावरून तीन-चारवर येतील, त्यामुळे जुने सहा डबे कुठल्याही परिस्थितीत सोडू नकोस.

काकू कदाचित म्हणतील, "पैसे मी भाड्यातच घेते, तुला महिन्याला एकरकमी देईन." ऐकायला सोपं वाटतं, पण यात तुझा किराणा उधारीवर जातो आणि खाड्याचा हिशोब त्यांच्या हातात. नम्रपणे सांग की पैसे मुलींकडून घेणंच आम्हाला सोयीचं पडेल. डब्यामागे काही रुपये मागितले तर तेही कबूल करू नकोस, ते शेवटी पोळीच्या आकारातून आणि तेलातून निघतात. त्याऐवजी काकूंना स्वतःसाठी डबा लावायचा असेल तर तो फक्त खर्चाच्या किमतीत देईन म्हण. त्या रोज तोच डबा खायला लागल्या, तर मुलींच्या तक्रारी खऱ्या की खोट्या हे त्यांना तुला विचारावं लागणार नाही.