उलटीची एकच जोरदार गोळी का देत नाहीत?

"मॅडम, उलटीला चार-चार औषधं कशाला? एकच काय ती जोरदार गोळी द्या ना. आणि त्यातली एक तर मुलाने मोबाईलवर बघितली, ती वेडाची निघाली!"

हे वाक्य मी केमो वॉर्डाच्या बाजूच्या छोट्या खोलीत बसून इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी लिहायलाच घेतलं. ज्यांची गोष्ट सांगतेय त्यांना काकू म्हणूया (ओळख पटेल ते सगळं बदललंय). चिपळूणकडच्या, वय पन्नाशीच्या आत, स्तनाचा कॅन्सर, दर २१ दिवसांनी एक अशा चार केमो ठरलेल्या. त्यात दोन औषधं, पैकी एक लालभडक. सगळे पेशंट त्याला 'लाल सलाईन'च म्हणतात, खरं नाव डॉक्सोरुबिसिन. दुसरं सायक्लोफॉस्फामाइड. ही जोडी उलटीच्या बाबतीत सगळ्यात त्रासदायक गटात मोडते.

काकू माझ्याकडे आल्या त्या तिसऱ्या केमोच्या सकाळी. सुई टोचायच्या आधीच, हॉस्पिटलच्या गेटवर रिक्षातून उतरता उतरता उलटी झाली होती. सिस्टर म्हणाली, "औषध तर अजून चढवलंच नाही, ही तुमची केस."

मी उपदेश केला नाही, सुनेला एवढंच विचारलं की मागच्या दोन वेळेला नक्की कुठल्या दिवशी, किती वाजता उलट्या झाल्या. तिने कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या, पोरगी हुशार! केमोचा दिवस कोरा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोरा, संध्याकाळपासून चौथ्या दिवसापर्यंत नुसत्या फुल्या.

"पहिल्या दिवशी काहीच नाही झालं ना, म्हणून मग बाकीच्या गोळ्या बंद केल्या," काकू म्हणाल्या. "कॅप्सूल महाग, आणि ती रात्रीची वेडाची. उलटी झाली की ऑन्डानसेट्रॉन घेत होते. एक, मग अजून एक. काही उपयोग नाही, वर चार दिवस संडासला नाही."

त्या कोऱ्या दिवसातच सगळं उत्तर होतं. केमो दिल्यावर पहिल्या काही तासांत लहान आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी दुखावतात आणि सेरोटोनिन सोडतात. पोटापासून मेंदूपर्यंत जाणारी एक लांब नस आहे, ती तो निरोप वर पोचवते. ऑन्डानसेट्रॉन, ग्रॅनिसेट्रॉन, पॅलोनोसेट्रॉन ही सगळी भावंडं हाच निरोप अडवतात. काकूंना सलाईनच्या आधी यातलंच इंजेक्शन होतं, सोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि एक कॅप्सूल, म्हणून पहिला दिवस गेला छान. पण साधारण २४ तासांनंतर खेळ बदलतो. आता जोर असतो मेंदूच्या खालच्या भागातल्या सब्स्टन्स पी नावाच्या दुसऱ्याच रसायनाचा, आणि हा त्रास पाचव्या दिवसापर्यंत चालू शकतो. त्याला अडवते ती महागडी कॅप्सूल, अ‍ॅप्रेपिटंट, पहिल्या दिवशी १२५ मिलिग्रॅम आणि पुढचे दोन दिवस ८० ची. म्हणजे काकूंनी जी बंद केली तीच नेमकी तिसऱ्या दिवसाची होती, आणि ज्या सेरोटोनिनचं काम बऱ्यापैकी उरकलं होतं त्याच्यामागे त्या ऑन्डानसेट्रॉन घेऊन लागल्या होत्या. ती जागा एकदा अडवली की जास्तीच्या गोळीने अडवायला फारसं काही उरत नाही, नुसतं डोकं दुखतं आणि पोट गच्च होतं. डोस आपल्या मनाने फार वाढवला तर हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम होऊ शकतो.

मी हे सांगत होते आणि काकू खिडकीबाहेर बघत होत्या, मला वाटलं कंटाळल्या. तर म्हणाल्या, "म्हणजे आमच्या घरासारखं. कौलं शाकारली की वरची गळती थांबते. पण भुईतून ओल येते ती कितीही शाकारलं तरी थांबणार होय?"

वीस वर्षं हे काम करतेय, इतकं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं. आता मी प्रत्येकाला हेच सांगते आणि श्रेय काकूंना देते.

"मग ती वेडाची गोळी कुठली गळती थांबवते?"

ओलान्झापिन मानसिक आजारात वापरतात हे खरंच आहे, मुलाने चुकीचं वाचलं नव्हतं. पण मेंदूच्या तळाशी एक छोटीशी जागा आहे, तिथे रक्त आणि मेंदूमधला नेहमीचा पडदा नाही, त्यामुळे रक्तात काही विषारी आलं की तिला आधी कळतं. तिथे डोपामिन चालतं. ओलान्झापिन डोपामिन अडवतं, वर सेरोटोनिनची वेगळी एक वाट आणि अजून दोनचार वाटाही अडवतं. उलटी थांबली तरी जी मळमळ पोटात घोळत राहते, तिच्यावर बाकीची औषधं जरा कमीच पडतात, तिथे ही उपयोगी. काकूंची दुसरी तक्रार गुंगीची होती, पहिल्या केमोला १० ची घेऊन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपल्या होत्या. ती तक्रार मी डॉक्टरांकडे नेली. मुंबईच्या टाटा मेमोरियलने १० ऐवजी २.५ मिलिग्रॅम देऊन पाहिलंय, २०२४ साली ते प्रसिद्ध झालं, उलटीवर ताबा तितकाच आणि पेंग कमी. डॉक्टरांनी काकूंना २.५ केली, रात्री झोपताना. हे ठरवणं डॉक्टरांचं काम, माझं नाही आणि मोबाईलचं तर नाहीच.

राहिली गेटवरची उलटी. ती पोटातली नाही आणि रक्तातलीही नाही, ती आठवणीतली, आणि इथे मात्र माझा प्रांत सुरू होतो. मी मानसशास्त्र शिकलेली, म्हणजे सवय कशी लागते आणि कशी मोडते हे बघणारी, त्यामुळे थोडा अभिमान चालवून घ्या. दोन केमो वाईट गेल्या की मेंदू वास, रंग, रस्ता सगळं एकत्र बांधून ठेवतो. काकूंना घरी कोणीतरी कोकम सरबत दिलं, ग्लासातला लाल रंग बघूनच उमळून आलं. अशी गाठ बसली की वरच्या गोळ्या फारशा चालत नाहीत. आदल्या रात्री कधी डॉक्टर लोराझेपाम देतात, बाकी श्वास आणि स्नायू सैल सोडायचा सराव. पण खरा उपाय म्हणजे पहिलीच केमो कोरी जाऊ देणं. म्हणून तर मी आता पहिल्या केमोआधीच विचारते, एसटी लागते का, गरोदरपणात उलट्या खूप झाल्या होत्या का. काकूंना दोन्ही होतं. अशांना आणि तरुण बायकांना त्रास जास्त होतो, नियमित दारू पिणाऱ्यांना गंमत म्हणजे कमी (म्हणून सुरू करू नका!).

तिसऱ्या केमोला गोळ्यांचे वेगवेगळे पुडे सुनेने दिवसावार बांधले, त्रास नसला तरी घ्यायच्याच. तिला एक चिठ्ठीही दिली, पाणी पोटात टिकत नसेल, लघवी कमी झाली, ताप १००.४ वर गेला तर वाट न बघता फोन. त्या वेळी कॅलेंडरवर एकच फुली, तिसऱ्या दिवशी. चौथ्याला फुली नाही, फक्त "मळमळ, दुपारी" असं लिहिलेलं.

परवा फॉलोअपला आल्या होत्या, गेटमधून चालत आल्या, काही झालं नाही. कँटीनमध्ये विचारलं काय घेणार, तर म्हणाल्या, "लिंबू सरबत. लाल नको अजून."