दिवाळीची पाकिटे आणि आहेराची वही

आपण ठाण्यात नव्यानेच संसार मांडला आहे, म्हणून सुचवतो की सणांचा खर्च जूनमध्येच नावानिशी वहीत लिहावा. घरकाम करणाऱ्या मावशींना दिवाळीत एका महिन्याचा पगार देण्याची रीत अनेक घरांत असल्यामुळे ती रक्कम प्रथम धरावी. पगार 2,500 रुपये असेल, तर जून ते ऑक्टोबर दरमहा 500 बाजूला ठेवल्यास ती सहज जमते. लग्नाच्या आहेरासाठी मात्र जुनी नोंद पाहावी: त्या घराने आपल्याकडे 501 दिले असतील, तर तेवढेच, फार तर महागाई धरून 751 द्यावेत. (गोखले रोडवर ऐनवेळी घेतलेली साडी हा हिशेब हमखास मोडते.) मंडळाची वर्गणी पहिल्या वर्षी बेताचीच सांगावी, कारण पुढच्या वर्षी कार्यकर्ते जुन्या पावतीवरूनच आकडा मागतात.