‘प्रोजेक्ट गेला, चिल मारा’ असं लिहिलं तर काय होतं?

प्रश्न : आमचा एक प्रोजेक्ट वरून बंद केलाय आणि टीमला व्हॉट्सअॅप ग्रुपवर मीच सांगायचंय. मी लिहून ठेवलंय, ‘मंडळी, प्रोजेक्ट गेला, चिल मारा, पुढं अजून भारी येतंय.’ खरं सगळं सांगितलं तर पोरं खचतील, नाही सांगितलं तर माझ्यावर विश्वास राहायचा नाही. नक्की काय लिहू?

उत्तर : तुमच्यासारखेच एकजण मध्यंतरी माझ्याकडं येऊन गेले, त्यांची गोष्ट सांगते (ओळख कळेल असे तपशील बदललेत). गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत ते डेव्हलपमेंट बघतात, टीममधली पोरं त्यांना दादा म्हणतात म्हणून आपणपण दादाच म्हणू. ट्रॅक्टरच्या एका हाउसिंगचं नवीन कास्टिंग त्यांची टीम उभं करत होती, पॅटर्न, कोअर बॉक्स, मशीनिंगचं फिक्स्चर सगळं नवीन. पहिला लॉट ब्लोहोलमुळं, म्हणजे ओतताना वायू अडकून पडलेल्या भोकांमुळं, रिजेक्ट झाला. मग पोरांनी कोअरचे, म्हणजे साच्याच्या आत बसवायच्या वाळूच्या भागांचे, व्हेंट बदलले, म्हणजे वायू बाहेर जायच्या वाटा, रात्रपाळ्या काढल्या आणि दुसऱ्या लॉटचे सँपल पास झाले, आणि बरोबर त्याच आठवड्यात शनिवारी संध्याकाळी कस्टमरचा मेल आला की पार्ट नको.

दादांनी मला मोबाइलवर मेसेज दाखवला, पाठवायचं बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं :

‘मंडळी वाईट बातमी 😅 हाउसिंगचा प्रोजेक्ट गेला. कस्टमरचं डोकं फिरलंय, दुसरं काय. पहिल्या लॉटला आपलीपण थोडी माती झालीच. असो, कुणीबी टेन्शन घ्यायचं नाही, कुणाचं काही होणार नाही. सोमवारपासून नव्या जोमानं. तांबडा-पांढरा माझ्याकडून 💪’

मेसेजमागं माणूस चांगला आहे हे दिसतंच. वाईट बातमी सांगायला सगळ्यांनाच नको वाटतं, आणि नको वाटलं की आपण हसतो, घाई करतो, जेवायला घालतो. पण मी त्यांना म्हटलं, दादा, हा मेसेज तुम्ही एकदाच लिहिणार पण वाचणारे दहाजण दहा तऱ्हेनं वाचणार, तर एकेक ओळ कोण कसं वाचेल ते सांगा.

‘आपलीपण थोडी माती झालीच’ या ओळीवर ते थांबले. कोअर शॉपचा एक पोरगा आहे, पहिल्या लॉटचे कोअर त्याच्या हातचे, रिजेक्शन आलं तेव्हा आठवडाभर तो कुणाशी नीट बोलला नव्हता. दादांच्या डोक्यात ही ओळ म्हणजे ‘आपण सगळे एकच आहोत’ असं होतं, पण त्या पोरानं ती ‘तुझ्यामुळं गेलं’ अशीच वाचली असती. मी विचारलं, पहिल्या लॉटमुळं ऑर्डर गेली का? ते म्हणाले, माहीत नाही, असेलपण. आता जे माहीतच नाही ते ग्रुपवर कसं काय लिहायचं? म्हणून त्यांना मी घरी पाठवलं ते मेसेज दुरुस्त करायला नाही तर फोन करायला.

हे काम लोक सोडून देतात आणि थेट शब्द गोड करायला बसतात. पण मेसेज कच्चा असतो तो बहुतेक वेळा माहिती कच्ची असते म्हणून. दादांनी सोमवारी सकाळी कस्टमरच्या परचेसवाल्याला सरळ विचारलं की आमच्या रिजेक्शनचा यात हात आहे का. तो म्हणाला नाही, मॉडेलच आम्ही काढत नाही आता, हे टीमला सांगितलं तरी चालेल पण मॉडेलचं नाव बाहेर जाऊ देऊ नका. मग दादा मालकांकडं गेले. ‘होल्डवर आहे’ असं लिहू का, म्हणजे पोरांना जरा कमी लागेल, असं त्यांच्या मनात होतं. मालक म्हणाले, होल्ड कसलं, फाइल बंद झाली. होल्ड लिहिलं असतं तर पोरांनी फिक्स्चर तेल लावून जपून ठेवलं असतं आणि पुढचे दोन महिने दर आठवड्याला विचारलं असतं, ‘दादा, काय कळलं का?’

आणि तिसरी ओळ, ‘कुणाचं काही होणार नाही’. ही सगळ्यात गोड आणि सगळ्यात धोक्याची. मालकांना विचारल्यावर कळलं की कायम असलेले सगळे पंप बॉडीच्या लाइनवर जाणार हे पक्कं, पण या प्रोजेक्टसाठी घेतलेल्या चार कंत्राटी पोरांचं काहीच ठरलेलं नाही. समजा मेसेज शनिवारीच गेला असता आणि पंधरा दिवसांनी त्यातल्या दोघांना नारळ मिळाला असता, तर राहिलेल्या आठजणांनी दादांच्या पुढच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवला असता?

यावर एक जुना अभ्यास आहे, मी तो बऱ्याच जणांना सांगते. 1990 साली जेराल्ड ग्रीनबर्ग नावाच्या संशोधकानं अमेरिकेतल्या एकाच कंपनीच्या तीन कारखान्यांचा अनुभव मांडला. दोन कारखान्यांत काही आठवडे 15 टक्के पगारकपात झाली होती. एका ठिकाणी साहेबांनी कारण नीट उलगडून सांगितलं, वाईट वाटतंय म्हणाले, प्रश्न घेतले, दुसऱ्या ठिकाणी थोडक्यात सांगून उरकलं. कपातीच्या काळात चोऱ्या दोन्हीकडं वाढल्या, पण जिथं नीट सांगितलं तिथं बऱ्याच कमी. कपात दोन्हीकडं सारखीच होती हं. म्हणजे नीट सांगितल्यानं नुकसान भरून येत नाही, राग उरतोच, पण माणसं उलटत नाहीत तेवढी.

मग आम्ही बसून मेसेज परत लिहिला. पहिल्या खेपेला दादांनी एकदम दुसरं टोक गाठलं, ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की’ वगैरे. मी म्हटलं, तुम्ही पोरांशी असं कधी बोलता का? असल्या भाषेत पोरं काय लपवलंय तेच शोधत बसतात. शेवटी जे गेलं ते हे :

‘नमस्कार. ट्रॅक्टर हाउसिंगचं काम कस्टमरनं कायमचं बंद केलंय. शनिवारी संध्याकाळी मेल आला, आज मी फोन करून खात्री केली. ते मॉडेलच ते काढणार नाहीत, म्हणून पार्ट नको. पहिल्या लॉटच्या रिजेक्शनमुळं हे झालेलं नाही, हे मी त्यांना स्पष्ट विचारलंय. आपला दुसरा लॉट पास झाला होता. मॉडेलचं नाव बाहेर कुणाला सांगू नका.

कायम असलेले सगळे पुढच्या सोमवारपासून पंप बॉडीच्या लाइनवर. कंत्राटी चौघांचं अजून ठरलेलं नाही, त्या चौघांशी मी आज समोर बोललोय. शुक्रवारी चारपर्यंत त्यांना सांगेन, ठरलं नसलं तर ठरलं नाही असं सांगेन.

कोअरचे व्हेंट बदलून ब्लोहोल बंद केले ते काम पंप बॉडीला लागणार आहे, तिथंपण तोच त्रास आहे. एवढ्या रात्रपाळ्या करून पार्ट गेला याचं मला वाईट वाटलंय. उद्या पावणेतीनला क्यूसीच्या खोलीत बसू, दोन्ही शिफ्टला जमेल. तिथं बोलायचं नसेल तर मला फोन करा.’

हसरा चेहरा नाही, डोकं फिरलंय नाही. कस्टमरला शिव्या घालणं सोपं असतं आणि पोरांना आवडतंपण, पण उद्या त्याच कस्टमरचा दुसरा पार्ट आला की तीच पोरं म्हणणार, ह्याच्यासाठी कशाला मरायचं. तांबडा-पांढरा काढायला मी सांगितलं तेव्हा दादा जरा नाराज झाले, म्हणाले आपल्या कोल्हापुरात जेवायला नको कसं म्हणायचं! मी म्हटलं घाला की जेवायला, पण पुढच्या महिन्यात. नोकरीचं ठरलं नाही आणि रस्सा आहे, हे दोन्ही एका मेसेजमध्ये वाचल्यावर कंत्राटी पोरांच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

आभाराच्या ओळीबद्दल पण आमची थोडी वादावादी झाली. त्यांनी लिहिलं होतं, ‘सगळ्यांनी जीव तोडून काम केलं, सगळ्यांना सलाम.’ असं सगळ्यांना म्हटलं की कुणालाच लागत नाही. व्हेंटचं काम नाव न घेता लिहिलं तरी ज्याचं आहे त्याला कळतं, आणि ते पुढं कुठं वापरणार हे लिहिल्यावर ती नुसती पाठ थोपटणं राहत नाही. मात्र ते खरंच वापरणार असाल तरच लिहा.

आता क्रम, कारण मेसेज चांगला असून क्रम चुकला की माती होते. ज्यांचं सगळ्यात जास्त जाणार त्यांना आधी, समोर. दादांनी दीड वाजता चार कंत्राटी पोरांना आणि मग कोअर शॉपच्या त्या पोराला एकेकटं गाठलं, पाच-पाच मिनिटं, आणि ते झाल्या झाल्या सव्वादोनला ग्रुपवर मेसेज टाकला. मधे तासभर जरी गेला असता तरी चहाच्या टपरीवर बातमी पोचली असती आणि मग ग्रुपवरचा मेसेज म्हणजे नुसता खुलासा. शनिवारी रात्री तर नाहीच नाही, प्रश्न विचारायला समोर कुणी नाही आणि रविवारभर घरात तेच डोक्यात.

मेसेजनंतर काय झालं? अर्धा तास ग्रुप गप्प. मग एकानं लिहिलं, ‘मग सात महिने आम्ही काय गोट्या खेळत होतो का?’ दादांचा मला लगेच फोन, हे डिलीट करू का. मी म्हटलं अजिबात नको, तो दहाजणांच्या मनातलं बोललाय. त्यांनी उत्तर दिलं, ‘राग बरोबर आहे. उद्या पावणेतीनला पहिला तूच बोल.’ तो बोललापण, चांगलंच बोलला म्हणे. असा उघड राग मला तरी बरा वाटतो. काळजी करायची ती वेगळ्या खुणांची : मीटिंगला एकपण प्रश्न आला नाही, दादांना वगळून दुसरा ग्रुप निघाला, एकदम रजेचे अर्ज यायला लागले. असं दिसलं की समजायचं, मेसेजमधल्या कुठल्यातरी ओळीवर लोकांचा विश्वास बसलेला नाही.

शुक्रवारी चारपर्यंत मालकांचं काही ठरलंच नव्हतं. दादांना वाटलं सोमवारी एकदमच सांगू. पण लिहिलं होतं म्हणून चारला चौघांकडं जाऊन ‘ठरलं नाही, बुधवारी सांगतो’ एवढंच सांगून आले. बुधवारी दोघं राहिले, दोघांना महिनाअखेरपर्यंतच काम. ते दोघं खूश होऊन गेले असं काही नाही, एक तर दादांशी हातपण न मिळवता गेला. मेसेज कितीही नीट लिहिला तरी कुणाची नोकरी वाचत नाही, हे दादांना आधीच सांगून ठेवलं होतं ते बरं झालं.

तुमच्या मेसेजमधलं ‘पुढं अजून भारी येतंय’ आधी बघा. खरंच काही येतंय का, कधी, आणि त्यात तुमच्या टीममधल्या कुणाकुणाला जागा आहे? वरच्या साहेबांना आज हे तीन प्रश्न विचारा आणि जे उत्तर मिळेल तेवढंच लिहा. उत्तर नाही मिळालं तर ते कधी मिळेल ती तारीख मागून घ्या, त्या ओळीच्या जागी ती तारीख टाका. ‘चिल मारा’ मात्र आत्ताच खोडा.