तिवड्याजवळचा बैल

प्रश्न : सिन्नरकडच्या एका शेतकरी कुटुंबावर लघुकथा लिहितेय. त्यांचा म्हातारा बैल आणि सुगीचा शेवटचा दिवस, एवढंच डोक्यात आहे. काळ साधारण मळणीयंत्र गावात येण्याआधीचा. माझं बालपण शहरात गेलं. बैल आणि खळं खरं वाटावं म्हणून काय माहीत असायला हवं?

उत्तर :

आधी पीक ठरवा, कारण बैलाचं काम पिकावर ठरतं. सिन्नरच्या कोरडवाहू भागासाठी मी बाजरी घेईन. पोळा श्रावणी अमावास्येला होऊन गेलेला असतो, त्यानंतर दसऱ्याच्या आगेमागे बाजरीची सोंगणी, म्हणजे कापणी, येते. म्हणजे झूल, बाशिंग आणि पुरणपोळी तुमच्या शेवटच्या दिवसात येणार नाही. पुष्कळ कथांमध्ये पोळा आणि खळं एकाच दिवशी उरकलेलं असतं, आणि शेतकरी वाचक तिथेच कथा मिटतो.

म्हाताऱ्या बैलाबद्दलची मुख्य गोष्ट अशी : खळ्यावर त्याचं म्हातारपण झाकलं जातं, औताला जुंपला की उघडं पडतं. तुमची कथा या फरकावर उभी राहू शकते, म्हणून तो सविस्तर सांगतो.

खळ्याच्या मधोमध एक लाकडी खांब रोवलेला असतो, तो तिवडा. कणसं खुडून, वाळवून त्याच्याभोवती पसरतात आणि तीन-चार बैल शेजारी शेजारी बांधून त्यावरून गोल फिरवतात. याला पात म्हणतात. इथे जू नसतं, ओढायचं काही नसतं. दाव्याने गळ्याला गळा जोडलेला असतो आणि सगळ्यात आतल्या बैलाचं दावं तिवड्याला असतं. दाणा खुरांनी सुटतो. त्यामुळे म्हाताऱ्या बैलाला नेहमी तिवड्याजवळ बांधतात. आतला बैल तिवड्यापासून चार फुटांवर आणि चौथा, सगळ्यात बाहेरचा, तेरा फुटांवर धरला, तर एका फेऱ्यात आतला पंचवीस फूट चालतो आणि बाहेरचा ऐंशीच्या वर. म्हातारा एक पाऊल टाकतो तेवढ्यात बाहेरच्या खोंडाला तीन टाकावी लागतात. शिवाय पातीची चाल आतला बैल ठरवतो. मुरलेला बैल एका लयीत फिरतो, तेव्हा बाहेरचा नवा खोंड पळायला बघत असला तरी दावं त्याला सरळ ठेवतं. म्हणजे त्या दिवशी तुमचा म्हातारा दयेचा धनी नाही, तो खळ्यावरचा सगळ्यात कामाचा बैल आहे. कथेत त्याला लंगडत, धापा टाकत फिरवू नका.

आता औत. बाजरी निघाली की रान रिकामं झालं, ओल असेल तर लगेच वखराची पाळी, म्हणजे वखराने रान उकरून मोकळं करणं, आणि हरभरा-गव्हाची पेरणी. म्हणजे सुगीचा शेवटचा दिवस हा निर्णयाचा दिवस असतो. उद्या जू कोणाच्या खांद्यावर ठेवायचं? ओढीच्या कामात म्हातारा मागे पडतो, जू तिरकं होतं, आणि तरणा जोडीदार एकटा ओढून ओढून खांदा सोलवून घेतो. यावर शेतकरी एक उपाय करतो : जुवाची मधली गाठ तरण्या बैलाकडे सरकवतो. दोन मानांमध्ये चार फूट अंतर असेल आणि गाठ तीन इंच सरकवली, तर शंभरातलं छप्पन्न ओझं तरण्याकडे जातं, चव्वेचाळीस म्हाताऱ्याकडे उरतं. दरवर्षी ती गाठ थोडी थोडी सरकत गेली असेल आणि जुवाच्या लाकडावर जुन्या गाठींच्या घासलेल्या खुणा असतील, तर त्या एका वस्तूत तुमच्या बैलाची पाच वर्षं सांगून होतात. मला विचाराल तर कथेतलं सगळ्यात मोलाचं वाक्य तिथे आहे, बैलाच्या डोळ्यांतल्या पाण्यात नाही.

म्हातारपण दाखवायचं तर अचूक दाखवा. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात मुळातच नसतात, तिथे कडक हिरडी असते. तेव्हा ‘वरचे दात पडले’ असं लिहू नका. खालचे आठ दात साधारण दोन वर्षांपासून जोडी-जोडीने बदलतात. मग बैल दोन दाती, चार दाती, सहा दाती होतो आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जुळतो, म्हणजे आठही दात पुरे होतात. त्यानंतर वय झिजेवरून ओळखायचं. दहा-बाराव्या वर्षी दात सपाट होतात, पंधराच्या पुढे खुंट उरतात आणि मधे फटी पडतात. तुमचा बैल पंधरा-सोळाचा ठेवा. डोळ्यांवर खळगे, खुब्याची हाडं वर आलेली, आणि गव्हाणीखाली अर्धवट चघळून टाकलेले सरमाडाचे, म्हणजे बाजरीच्या वाळल्या ताटांचे, बोळे, एवढं पुरे. बाजरीचं सरमाड त्याला चावत नाही, म्हणून त्याच्यासाठी घरात वेगळी सोय असते : भुसकट पाण्यात भिजवून त्यात मूठभर सरकीची पेंड. ती पाटी रोज कोण भिजवतं, हे ठरलं की त्या घरात बैल कोणाचा आहे हे वाचकाला न सांगता कळतं.

उठण्याचंही ध्यानात ठेवा. बैल आधी मागचे पाय उभे करतो, क्षणभर पुढच्या गुडघ्यांवर राहतो आणि मग पुढून उठतो. घोडा याच्या उलट उठतो. म्हातारा बैल त्या गुडघ्यांवरच्या क्षणात रेंगाळतो. सकाळी गोठ्यात एवढंच दिसलं तरी पुरतं.

आता दिवस बघू. घर लहान ठेवा : आजोबा, त्यांचा मुलगा, सून आणि दहा वर्षांची नात. रान दोन एकर. बरं वर्ष असेल तर आठ-दहा क्विंटल बाजरी, त्यातली शेवटची पात आज आहे. घाईचं कारण आभाळ. परतीचा पाऊस कणसांवर पडला तर दाणा काळा पडतो, कणसातच मोड येतो. म्हणून पात सकाळी ऊन चढल्यावर सुरू होते. दवाने ओलसर कणसं असतील तर दाणा सुटत नाही, नुसतं चेंगरतं. घरचे बैल दोनच असतात, म्हातारा आणि त्याचा जोडीदार. बाकीचे दोन शेजाऱ्याचे, सावडीने, म्हणजे कामाच्या बदल्यात काम या बोलीवर आलेले. बैलांनी कणसं खाऊ नयेत म्हणून त्यांच्या तोंडाला मुसकी, म्हणजे दोरीच्या जाळ्या असतात. नात पाटी घेऊन पातीमागे चालते, कारण बैलाने शेपूट उचललं की शेण दाण्यात पडायच्या आत झेलायचं असतं. हे मुलांचंच काम. कोणता बैल कधी शेपूट उचलणार हे तिला मोठ्यांआधी कळतं, आणि हे तिला कळतं यावरच तुम्ही पुढचा प्रसंग बेतू शकता.

तो प्रसंग असा. आतल्या बैलाचं दावं तिवड्याला करकचून बांधायचं नसतं. तिथे सैल फासा असतो, तो बैलांबरोबर खांबाभोवती फिरतो. कधी फाशात भुसकट किंवा कणसाचा दांडा अडकतो आणि फासा बसतो. मग दावं खांबाला गुंडाळायला लागतं, प्रत्येक फेऱ्याला आतलं अंतर कमी होतं आणि म्हाताऱ्याची मान खांबाकडे ओढली जाते. एखादा अडाणी खोंड ओढत राहील. मुरलेला बैल थांबतो. तो थांबला की पात थांबते, बाहेरचा खोंड वळतो, सगळा गोंधळ. मागून हाकणाऱ्या मुलाला, म्हणजे नातीच्या बापाला, वाटतं, झालं, थकला. तो चाबूक उचलतो. नात खांबाजवळ असते, ती ओरडते, “दादा, त्याला मारू नका, दावं गुंडाळलंय!” आजोबा काही बोलत नाहीत, येऊन फासा मोकळा करतात. पात पुन्हा चालू होते. बैल का थांबला हे ज्याला आधी दिसायला हवं होतं त्याला दिसलं नाही, एवढंच या प्रसंगात आहे. यावर एकही वाक्य स्पष्टीकरणाचं लिहू नका.

दुपारनंतर उपणणी. उंच तिवईवर उभं राहून सुपातून धान्य सोडायचं, वाऱ्याने भुसकट पुढे जातं आणि दाणा खाली रास होतो. इथे सगळं वाऱ्यावर. वारं पडलं तर माणसं नुसती सूप धरून बसतात. ही बसण्याची वेळ तुमच्या फार उपयोगाची आहे, कारण दिवसभरात बोलायला तेवढीच फुरसत मिळते. बैलाचा विषय मुलगा इथेच काढेल : “आबा, उद्या पाळी घालायची. घोटीच्या बाजारात बघून येऊ का?” घोटी इगतपुरी तालुक्यात, बैलबाजारासाठी नावाजलेलं गाव. तिथे व्यापारी आधी जबडा उघडून दात बघणार आणि मग उपरण्याखाली बोटं धरून भाव करणार. खुंट झालेल्या दातांना औताचा गिऱ्हाईक नसतो, हे आजोबांना आणि मुलाला दोघांनाही माहीत आहे. तुमच्या काळात म्हाताऱ्या बैलाची विक्री कुठे संपे हेही त्यांना माहीत आहे. राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी २०१५ साली आली, त्याआधीच्या १९७६ च्या कायद्याने गाईला संरक्षण होतं, बैलाला मात्र निकामी ठरल्याचा दाखला मिळाला की नव्हतं. म्हणून त्या काळातल्या ‘बाजारात बघू’ या दोन शब्दांचा अर्थ घरातल्या प्रत्येकाला लागतो. नातीलाही लागू द्यावा की नाही, हे तुम्ही ठरवा. कथा आजच्या काळात नेलीत तर हा सगळा पेच बदलतो.

संध्याकाळी रास पुजून मोजायची. मोजणारा पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो, आणि मोजताना मधे कोणी बोलत नाही. त्या शांततेत बैल कुठे आहे ते दाखवा. मुसकं काढलेलं असतं आणि तो खळ्याच्या कडेला, मातीत मिसळलेलं मातेरं हुंगत उभा असतो. त्या मातेऱ्यातले दाणे सून झाडून, पाखडून घेणार असते. आज ती झाडू घेऊन येते, त्याला बघते आणि मातेरं तसंच राहू देते.

शेवट बाजारात नेऊ नका, घोटीपर्यंत जायची गरज नाही. दुसऱ्या दिवसाची पहाट पुरे : मुलगा जू काढतो, मधली गाठ सोडतो. जुन्या खुणांच्या पुढे आणखी सरकवायला तीन-चार इंच जागा शिल्लक आहे. तो किती इंच सरकवतो, की गाठ तशीच सोडून जू भिंतीला टेकवतो, तेवढं लिहा.