पहिली रहस्यकादंबरी दीड लाख शब्दांची: जास्त होते का?

प्रश्न: दादरमध्ये घडणारी माझी पहिली रहस्यकादंबरी दीड लाख शब्दांची झाली आहे. चालेल का? एजंट काय म्हणतील?

उत्तर: रहस्यकथेसाठी फार होते. इंग्रजीतले एजंट पदार्पणाच्या रहस्यकादंबरीला साधारण 70 ते 90 हजार शब्द धरतात. कल्पनारम्य कादंबरीला लाखाच्या पुढेही सूट मिळते, कारण तिथे अख्खं जग उभं करायचं असतं. तुमचं दादर वाचकाला आयतं माहीत आहे.

मराठीत मात्र एजंट जवळपास नाहीतच, हस्तलिखित थेट प्रकाशकाकडे जातं आणि तो पानं मोजतो. पानाला 275 शब्द धरले तर तुमची साडेपाचशे पानं होतात. नवख्या नावावर एवढा कागद आणि एवढी किंमत लावायला तो कचरतो.

शिवाय मराठीत ‘घरातल्यांसाठीसुद्धा’ हा एकच शब्द. इंग्रजीत त्याचे चार-पाच होतात. म्हणजे इंग्रजी मापाने तुमची कादंबरी आणखी लांब आहे.

आधी बघा, प्रेत कितव्या पानावर सापडतं? शंभराव्या असेल, तर मागचा बराचसा मजकूर संशयितांचा पूर्वेतिहास असणार. तो उलटतपासणीत तुकड्यातुकड्याने येऊ द्या. माझे अशानेच तीस हजार शब्द गळाले. (चाळीचं वर्णन कापताना जीव तुटला, ते खरं.)